जाड कागद की योग्य कागद? कार्ड, ब्रोशर आणि प्रमाणपत्रासाठी कागद ठरवताना

कोल्हापुरात कुठल्याही प्रेसच्या काउंटरवर थोडा वेळ थांबलात, तर एक वाक्य हमखास कानावर येईल, "कागद जरा जाडजूड लावा की." व्हिजिटिंग कार्ड असो, ब्रोशर असो, नाहीतर प्रमाणपत्र, मागणी हीच. प्रेसवाला मग तीनशेचा, साडेतीनशेचा आकडा सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि काम सुरू होतं. त्यात दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. जीएसएमचा आकडा म्हणजे जाडी आहे का? आणि छापून झाल्यावर या कागदाचं पुढे काय होणार आहे?

माझ्या मते दुसरा प्रश्न आधी विचारावा. कार्ड खिशात, पाकिटात, तेलकट-घामट हातांत फिरतं. ब्रोशर दुमडलं जातं. प्रमाणपत्रावर सही होते, शिक्का बसतो आणि ते वर्षानुवर्षं जपलं जातं. ही तीन कामं इतकी वेगळी आहेत की तिघांना एकच "चांगला कागद" चालत नाही. आर्ट कार्डावर देखणं दिसणारं प्रमाणपत्र शिक्का मारताच फरफटतं, आणि प्रमाणपत्राचा सुंदर कागद ब्रोशरला लावला की फोटो मलूल होतात.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. सुभाषनगरात चपला करणारं एक कुटुंब आहे असं धरा. चप्पल लाईनीत त्यांचं छोटं दुकान आहे, वर्षातून दोनदा मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात ते स्टॉल लावतात आणि नव्या मुलामुलींना चप्पल बांधायचं प्रशिक्षणही देतात. त्यांना 500 कार्डं, 1000 तीन पाकळ्यांची ब्रोशरं आणि 60 प्रमाणपत्रं हवी आहेत. तिन्ही कामं एकाच घरची असल्यामुळे कागदाचा निर्णय कुठे आणि का बदलतो, ते नीट दिसेल.

जीएसएम म्हणजे वजन

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए0 आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि त्यातून सोळा ए4 निघतात. म्हणून झेरॉक्सच्या 80 जीएसएम कागदाचा एक ए4 साधारण 5 ग्रॅम भरतो. उलट दिशेनेही हिशेब करता येतो. ए4 कागद नाजूक काट्यावर ठेवा, आलेल्या ग्रॅमना 16 ने गुणा, की जीएसएम हातात. स्वयंपाकघरातला काटा यासाठी पुरेसा बारीक नसेल, तर दहा कागद एकदम तोला. गुजरीतल्या सराफाचा काटा मिळाला तर एकच कागद पुरतो.

म्हणजे जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. कापूस तेवढाच असला तरी नुकतीच पिंजून भरलेली गादी फुगीर असते आणि वर्षभर वापरलेली दबलेली असते. कागदाचंही तसंच आहे. आर्ट पेपरवर खडूसारख्या खनिजाचा, म्हणजे चिनी मातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर दिलेला असतो आणि नंतर तो रुळांमधून दाबून गुळगुळीत केलेला असतो. खनिज लगद्याच्या तंतूंपेक्षा जड. त्यामुळे वजन भरतं, पण जाडी तेवढी वाढत नाही. 300 जीएसएमचं चकचकीत आर्ट कार्ड साधारण 0.27 मिमी भरतं. त्याच वजनाचं, थर न दिलेलं साधं कार्ड 0.37 मिमीच्या आसपास जातं. आणि औषधांच्या खोक्यांना वापरतात ते फोल्डिंग बॉक्स बोर्ड, प्रेसच्या भाषेत एफबीबी, 300 जीएसएमलाच 0.45 मिमी किंवा त्याहून जाड असतं. आपल्या गावात हे तपासणं अवघड नाही. उद्यमनगरात कुणाच्याही वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर असतो, तिन्ही नमुने त्यात धरून बघा.

हाताला "भारी" वाटणं हे बरंचसं ताठपणावर ठरतं, आणि ताठपणा जाडीबरोबर झपाट्याने वाढतो. एकाच जातीच्या कागदात जाडी दुप्पट झाली तर ताठपणा जवळपास आठपट होतो. म्हणून कार्ड मऊ वाटतंय असं गिऱ्हाईक म्हणालं की लगेच 300 वरून 350 वर उडी मारण्यापेक्षा कागदाची जात बदलून बघावी. आकडा तोच ठेवून ते जास्त ताठ होऊ शकतं.

कार्ड: बोट काय सांगतं, पेन काय मागतं

आपल्याकडचं नेहमीचं कार्ड 90 बाय 54 मिमीच्या आसपास असतं. इतक्या छोट्या तुकड्यात रंगापेक्षा स्पर्श आधी लक्षात येतो, कारण कार्ड दोन बोटांच्या चिमटीतच हातात येतं.

चकचकीत आर्ट कार्ड हाताला थंड आणि निसरडं लागतं. रंग भडक उठून दिसतात, पण ट्यूबलाइटखाली धरलं की उजेडाचा पट्टा नावावरच येतो आणि कार्ड तिरकं करून वाचावं लागतं. मॅट आर्टला ती चकाकी नसते, बोट त्यावरून कोरडं आणि सहज फिरतं. मात्र गडद रंगावर नख ओढलं की पांढुरकी रेघ उमटते. थर न दिलेलं कार्ड हाताला उबदार आणि किंचित खरखरीत लागतं, वाकवलं की कागदाचा आवाज येतो आणि छपाई जरा शांत दिसते. त्याचा दोष म्हणजे तेलाचं बोट लागलं की डाग आत मुरतो आणि पुसून जात नाही.

यावर लॅमिनेशन आलं की स्पर्श पूर्ण बदलतो, कारण मग बोट कागदाला लागतच नाही, प्लास्टिकच्या पातळ फिल्मला लागतं. ग्लॉस फिल्म काचेसारखी गुळगुळीत असते. मॅट फिल्म मऊ आणि निस्तेज असते. व्हेल्वेट म्हणून मिळणाऱ्या फिल्मवर बोट घसरत नाही, थोडं थबकतं, आणि लोक नकळत अंगठा पुन्हा पुन्हा फिरवतात. काळ्या किंवा गडद निळ्या कार्डावर मॅट फिल्म लावली तर तेलकट बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. फिक्या रंगावर ते फारसे जाणवत नाहीत. मॅट फिल्मवर फक्त लोगोपुरता स्पॉट यूव्ही टाकला की तेवढाच भाग चमकतो आणि बोटाला किंचित उंच लागतो. हे छान दिसतं, पण बारीक अक्षरांवर टाकू नये. छपाई आणि यूव्हीचे साचे केसाएवढे सरकतातच, आणि बारीक अक्षरावर ती सरक लगेच दिसते.

फिल्ममुळे आकड्याचाही घोळ होतो. दोन्ही बाजूंनी फिल्म लावल्यावर वजनात चाळीसेक जीएसएमची भर पडते. त्यामुळे "साडेतीनशेचं कार्ड" असं सांगितलं जातं तेव्हा तो आकडा कागदाचा आहे की फिल्म धरून आहे, हे विचारायचं. 90 बाय 54 मिमीची, फिल्म नसलेली 300 जीएसएमची दहा कार्डं साधारण 14.6 ग्रॅम भरतात. फिल्मसकट ती साडेसोळाच्या आसपास जातात.

आता आपल्या चप्पलवाल्या कुटुंबाकडे येऊ. दुकानात त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाइकाच्या पायाचं माप, चपलेचा प्रकार आणि तयार होण्याची तारीख कार्डाच्या मागे लिहून द्यायची. म्हणजे मागच्या बाजूला पेन चाललं पाहिजे. लॅमिनेशनवर बॉलपेन उठत नाही, जेल पेनची शाई पुसली जाते, आणि चकचकीत आर्टवरही तीच गत. पुढची बाजू मात्र कारखान्यात चामड्याला तेल लावणाऱ्या हातांनी उचलली जाणार. म्हणून पुढे फिल्म हवी आणि मागे उघडा कागद हवा.

इथेच आर्ट कार्ड अडतं. त्याला दोन्ही बाजूंनी थर असतो, त्यामुळे मागची बाजू फिल्मशिवाय सोडली तरी पेन नीट चालत नाही. एफबीबी बोर्डाच्या एकाच बाजूला थर असलेला प्रकार मिळतो. त्याची थराची बाजू पुढे घेऊन तिच्यावर रंगीत छपाई आणि मॅट फिल्म करायची, आणि उघड्या बाजूवर एका रंगात "माप", "प्रकार", "तारीख" असे रकाने छापायचे. 300 जीएसएमचं हे बोर्ड आर्टच्या साडेतीनशेपेक्षा ताठ लागतं, आणि लिहायला कागदासारखंच चालतं.

एका बाजूच्या फिल्मची अडचण मात्र कोल्हापूरच्या पावसात कळते. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, फिल्म फुगत नाही. त्यामुळे उघडी बाजू पसरते आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं. पातळ कागदाची तर पन्हळ होते. जाड बोर्ड बरंच सावरतं, तरी जून ते सप्टेंबरमध्ये काम करायचं असेल तर आधी चार-पाच कार्डांचा नमुना करून घ्यावा आणि रात्रभर टेबलावर उघडा ठेवावा. सकाळी कोपरे टेबलापासून उचललेले दिसले, तर फिल्म सोडून पुढच्या बाजूला वॉर्निश घेणं बरं. ते तेलाला फिल्मइतकं अडवत नाही, पण कार्ड सपाट राहतं.

अगदी स्वस्तात हजार कार्डं छापून मिळतात तिथे यातलं काहीच निवडता येत नाही, कारण एकाच मोठ्या शीटवर अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकत्र छापलेली असतात आणि कागद-लॅमिनेशन सगळ्यांना एकच असतं. नुसतं नाव-नंबर द्यायचं कार्ड असेल तर ते ठीक आहे. मागे लिहायचं असेल तर वेगळं छापून घ्या.

ब्रोशर: घडीवर कागदाची परीक्षा

ब्रोशरमध्ये फोटो महत्त्वाचे. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा तो तपकिरी रंग, कापशीची वेणी, पट्ट्यावरची बारीक शिवण, हे सगळं कागदावर उतरायला हवं. थर न दिलेल्या मॅपलिथो कागदावर शाई आत मुरते, छपाईचे ठिपके पसरतात आणि तपकिरी रंगाच्या छटा एकमेकींत मिसळून मातकट होतात. आर्ट पेपरवरचा थर शाईला वरच धरून ठेवतो, म्हणून छटा वेगवेगळ्या राहतात. फोटोंच्या ब्रोशरला आर्ट पेपरच घ्यावा, यात मला शंका नाही. चकचकीत की मॅट, हा आवडीचा भाग. चामड्यासाठी मी मॅट घेईन, कारण चामड्याचा स्वतःचा स्वभाव चमकणारा नाही आणि प्रदर्शनातल्या झगझगीत दिव्यांखाली मॅट सरळ वाचता येतं.

वजनात फरक हाताला असा लागतो. 90 जीएसएम आर्ट पेपर लुळा असतो, मागच्या पानावरचा गडद फोटो पुढे झिरपलेला दिसतो आणि हातात आल्या आल्या ते पत्रक वाटतं. 130 ला ही पारदर्शकता जवळजवळ जाते, घडी सहज बसते आणि बॅगेत भरायला सुटसुटीत पडतं. 170 ला कागद स्वतःचा आकार धरतो, स्टॉलवरच्या स्टँडमध्ये ताठ उभा राहतो. 250 च्या पुढे दोन घड्या बसवल्या की ब्रोशर मिटून राहत नाही, सारखं उघडू पाहतं. वाहून न्यायचा विचारही करावा लागतो. ए4 चा 130 जीएसएमचा कागद सुमारे 8.1 ग्रॅमचा, 170 चा सुमारे 10.6 ग्रॅमचा. हजार ब्रोशरं म्हणजे आठ किलो विरुद्ध साडेदहा किलो. चपलांच्या गाठोड्यांसोबत रेल्वेने मुंबईला न्यायचं म्हटलं की अडीच किलो जाणवतात, पण या कुटुंबाला ब्रोशर स्टँडमध्ये उभं राहायला हवं आहे, म्हणून 170 चा मॅट आर्ट घेऊ.

आता घडी. इथेच सगळ्यात जास्त ब्रोशरं खराब होतात, आणि कारण बहुतेकांना माहीत नसतं. कागद मशीनवर तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने लोळतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घडी घातली तर तंतूंमध्ये फट पडते आणि घडी स्वच्छ बसते. ग्रेनला आडवी घडी घातली तर तंतू मोडावे लागतात, वरचा खनिजाचा थर तडकतो आणि घडीवर पांढरी, दातेरी रेघ दिसते. गडद रंगावर ती फारच खुपते.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागद दोन्ही हातांत धरून आधी लांबीने, मग रुंदीने हलकेच गोल वाकवा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या अक्षाला समांतर ग्रेन आहे. खात्री नसेल तर एक कोपरा फाडून बघा. ग्रेनच्या दिशेने तो बराच सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो.

आपलं ब्रोशर आडवा ए4, म्हणजे 297 मिमी रुंद आणि 210 मिमी उंच. दोन्ही घड्या 210 मिमीच्या बाजूला समांतर पडणार. म्हणजे ग्रेनही 210 च्या दिशेने हवी. बाजारात तयार कापलेल्या ए4 रिमांमध्ये ग्रेन बहुतेक वेळा 297 च्या दिशेने असते, म्हणजे आपल्या कामाला बरोबर उलटी. त्याऐवजी 12 बाय 18 इंची शीट घेतली आणि तिची ग्रेन 18 इंची बाजूला समांतर असली, तर काम सरळ होतं. या शीटवर दोन ए4 बसतात. 297 मिमीची बाजू 12 इंचात मावते आणि 210 मिमीच्या दोन बाजू 18 इंचांवर एकापुढे एक येतात. त्यामुळे ग्रेन आपोआप 210 च्या दिशेने, म्हणजे घडीच्या दिशेने मिळते. शीटच्या पुडक्यावर ग्रेनची दिशा लिहिलेली नसेल तर वाकवून बघायचं, कारण 12 बाय 18 चीही काही पुडकी उलट ग्रेनची निघतात.

170 जीएसएमला नुसती हाताने घडी घालू नये. आधी क्रीझिंग करून घ्यावं, म्हणजे बोथट पात्याने घडीच्या जागी नळीसारखी रेघ दाबून घ्यायची. क्रीझिंगमुळे कागद ठरलेल्या जागीच वाकतो आणि थरावरचा ताण कमी होतो. ज्या बाजूला रेघेचा उंचवटा येतो ती घडीच्या आत गेली पाहिजे. नवख्या हाताकडून हे उलट होतं आणि मग क्रीझिंग असूनही घडी तडकते. डिजिटल छपाईत टोनर कागदावर थरासारखा बसतो, म्हणून तो ऑफसेटच्या शाईपेक्षा लवकर तडकतो. डिझाइन करतानाच घडीच्या रेघेवर गडद सपाट रंग येणार नाही असं बघितलं, तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

तीन भाग समानही करू नयेत. आत जाणारी पाकळी 97 मिमीची आणि बाकीच्या दोन 100 मिमीच्या ठेवल्या की ती आत मोकळी बसते. तिन्ही 99 मिमीच्या केल्या तर आतली पाकळी घडीत अडते आणि मधून फुगते.

मॅट आर्टचा एक दोष छपाईनंतर दिसतो. गडद रंग समोरच्या फिक्या भागावर घासून डाग पाडतो. मॅटचा पृष्ठभाग अतिसूक्ष्म खडबडीत असतो आणि तो शाई ओरबाडतो. पावसाळी दमट हवेत शाई सुकायलाही जास्त वेळ घेते. ब्रोशरं घडी करण्याआधी एका गडद भागावर पांढरा कागद बोटाने चार-पाच वेळा घासा. रंग उतरला तर घडीला घाई करू नका, निदान आणखी एक दिवस सुकू द्या. अशा डिझाइनला पातळ वॉर्निशचा हात मारून घेतला तर उत्तमच.

प्रमाणपत्र: सही आणि शिक्का ज्यावर टिकेल तो कागद

लोक सगळ्यात जास्त खर्च प्रमाणपत्राच्या चमकेवर करतात, आणि मला वाटतं नेमका तिथेच तो वाया जातो. प्रमाणपत्राचं काम छपाईनंतर सुरू होतं. त्यावर प्रशिक्षकाची सही होते, संस्थेचा शिक्का बसतो, कधी अनुक्रमांक हाताने घातला जातो. आर्ट पेपरवर शिक्क्याची शाई आत जातच नाही. ती वरच ओली राहते, एकावर एक ठेवलेली प्रमाणपत्रं उचलली की शिक्का पुढच्याच्या पाठीवर उमटतो आणि मूळ शिक्का फरफटतो. म्हणून इथे थर नसलेला कागद हवा, यावर तडजोड करू नये.

वजनाचं गणित समारंभाच्या फोटोवरून करावं. एका हाताने कोपऱ्याजवळ धरलेला 100 जीएसएमचा ए4 लगेच मान टाकतो. 200 ते 220 जीएसएमचा थर नसलेला कागद ताठ राहतो, फाइलमध्येही बसतो आणि फ्रेममध्येही. 300 चा घेण्यात अर्थ नाही, कारण नावं छापायची राहिलेली असतात आणि बहुतेक ऑफिस लेझर प्रिंटर एवढा जाड कागद ओढत नाहीत. आपल्या कुटुंबाने 200 जीएसएमचा गुळगुळीत, किंचित पिवळसर आयव्हरी छटेचा कागद घ्यावा. प्रिंटर तेवढंही घेतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात बघावं आणि कागद मागच्या सरळ मार्गाने, एकेक करून सोडावा.

छटेमागे कारण आहे. अतिशुभ्र कागदात बहुधा चकाकी देणारं रसायन घातलेलं असतं. ते उजेडातली अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड परत देतं, म्हणून कागद दुधासारखा दिसतो. भिंतीवर उन्हात लावलेल्या फ्रेममध्ये हे रसायन हळूहळू निकामी होतं आणि कागद पिवळा पडल्यासारखा वाटतो. मुळातच आयव्हरी छटेचा कागद निवडला तर हा बदल डोळ्यांना फारसा कळत नाही. कागद आम्लमुक्त आहे का, हेही विचारावं. आम्लामुळे तंतू वर्षांनुवर्षं ठिसूळ होत जातात.

उठावदार पोताचे कागद, म्हणजे लिननसारखी जाळी किंवा आडव्या रेघा असलेले, हातात घेतल्यावर फार सुंदर लागतात. बोट त्या उंचसखल पोतावर रमतं. पण देवनागरीला त्यांच्याशी जपून वागावं लागतं. लेझर प्रिंटरचा टोनर उंचवट्यावर बसतो आणि खळग्यात नीट पोचत नाही. बारीक अक्षरात शिरोरेखाच जागोजागी तुटते आणि "श्र" किंवा "ष्ट" सारखी जोडाक्षरं विरळ दिसतात. नाव 24 पॉइंटच्या वर आणि जाड टाइपात असेल तर निभावतं. खाली छोट्या अक्षरात मजकूर असेल तर तो भाग आधी प्रेसमध्ये छापून घ्यावा आणि लेझरवर फक्त नाव टाकावं. टोनर नीट बसला का, हे बघायला नावावर चिकटपट्टी लावून हळूच काढा. काळे कण पट्टीवर आले तर प्रिंटरमध्ये जाड कागदाची सेटिंग निवडा. त्यात प्रिंटर जास्त उष्णता देतो आणि कागद हळू सोडतो.

शाईच्या पेनाने सही होणार असेल तर कागद विकत घेण्याआधी त्याच पेनाने एक सही करून बघा. रेघेच्या कडांना केसासारखे फाटे फुटले तर त्या कागदात शाई अडवणारं द्रव्य कमी आहे. बॉलपेनला ही अडचण येत नाही.

कामाचा क्रमही कागदाइतकाच महत्त्वाचा. आधी किनार आणि कायमचा मजकूर प्रेसमध्ये छापायचा, त्याची शाई पूर्ण सुकू द्यायची, मग लेझरवर नावं टाकायची, आणि सोनेरी फॉइल असेल तर ते सगळ्यात शेवटी दाबायचं. फॉइल आधी दाबलं तर लेझर प्रिंटरमधल्या तापलेल्या रुळांना ते चिकटू शकतं आणि प्रिंटर दुरुस्तीला जातो. लॅमिनेट केलेला कागद तर लेझरमध्ये घालूच नये, फिल्म वितळून रुळांवर बसते. ऑफसेटची शाई ओली असताना घाई केली तर ती त्याच उष्णतेने मऊ होऊन पुढच्या पानावर उमटते.

प्रमाणपत्र टिकावं म्हणून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गरम लॅमिनेट करायची आपल्याकडे सवय आहे. ती टाळावी. त्यानंतर त्यावर कुणालाही सही-शिक्का घालता येत नाही, आणि कडेची सील सुटली की आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. फ्रेम करायची असेल तर काच आणि कागद यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगा. काचेला टेकलेला टोनर पावसाळ्यात काचेलाच चिकटून बसतो.

प्रेसला सांगताना या कुटुंबाने साधारण एवढं लिहून द्यावं. कार्डासाठी: "एका बाजूला थर असलेला एफबीबी, 300 जीएसएम फिल्म सोडून, थराच्या बाजूला मॅट फिल्म, मागे फिल्म नको." ब्रोशरसाठी: "मॅट आर्ट 170 जीएसएम, ग्रेन घडीला समांतर, क्रीझिंगसह, पाकळ्या 100, 100 आणि 97 मिमी." प्रमाणपत्रासाठी: "थर नसलेला आयव्हरी कागद, 200 जीएसएम, किनार ऑफसेटवर, नावं आम्ही टाकू, फॉइल शेवटी." आणि 60 ऐवजी 70 प्रमाणपत्रांची किनार छापून घ्यावी. नावांची वेलांटी, आडनावाचं शुद्धलेखन शेवटच्या क्षणी बदलतं, तेव्हा पाच-सहा कोरे कागद लागतातच. उरलेले कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आडवे, सपाट ठेवावेत. उघडे राहिले तर पावसाळ्यात कडांना लाटा येतात आणि पुढच्या तुकडीच्या वेळी प्रिंटर ते ओढत नाही.